टोकन बकेट: बादली भरणेच थांबले होते

गेल्या वेळी बसवलेल्या टोकन बकेटने माझ्या पर्जन्यमापकाच्या एपीआयचा भार आटोक्यात आणला. प्रत्येक क्लायंटच्या बादलीत ठरावीक दराने टोकन पडतात, प्रत्येक विनंती एक टोकन खर्च करते आणि बादली रिकामी असेल तर 429 देऊन विनंती नाकारली जाते. मात्र दर 0.9 सेकंदाला नोंद मागणाऱ्या एका शिस्तीच्या क्लायंटला पहिल्या दहा उत्तरांनंतर सतत 429 मिळू लागले. बादलीची क्षमता 10 आणि भरण्याचा दर सेकंदाला 2 टोकन असताना हे अशक्य वाटत होते.

लॉगमध्ये शिल्लक टोकन छापल्यावर उलगडा झाला. दर तीन सेकंदांनी येणाऱ्याची बादली नीट भरत होती, याची मात्र दहावरून शून्यावर येऊन तिथेच थिजली होती. आयत्या घेतलेल्या लायब्ररीत `int(now - last)` असे होते, म्हणजे मागच्या विनंतीपासूनचे फक्त पूर्ण सेकंद धरले जात. 0.9 चे शून्य झाले की भर शून्य पडते, आणि तरीही `last` पुढे सरकतो. म्हणजे तो अपूर्णांक प्रत्येक वेळी वाया जातो. नाकारलेल्या विनंतीवरही हेच घडत असल्यामुळे क्लायंट जितका चिकाटीने विचारील तितका तो उपाशी राहतो. दुरुस्ती एवढीच:

```python
now = time.monotonic()
tokens = min(10, tokens + (now - last) * 2)
last = now
```

घड्याळ मागे सरकले तर फरक ऋण येऊ नये म्हणून `time.monotonic()` वापरले आहे. अशा चार ओळींसाठी लायब्ररी आणू नये, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका कोअरच्या सर्व्हरवर लगेच दिसते. एका विनंतीला 80 मिलिसेकंद लागतात, म्हणून सेकंदाला साडेबाराच उत्तरे देता येतात. सेकंदाला 20 विनंत्या आल्या तर मिनिटभरात 450 रांगेत साचतात आणि शेवटच्याला 36 सेकंद थांबावे लागते. तोवर क्लायंट कंटाळून तीच विनंती पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर निघून गेलेल्यासाठी राबत राहतो. त्याउलट 429 देण्यास मिलिसेकंदही लागत नाही. शिवाय साठलेल्या टोकनांमुळे पान उघडताना एकदम येणाऱ्या दहा विनंत्याही निभावतात, कारण त्यांचे काम 800 मिलिसेकंदांत उरकते. मात्र पूर्ण दराने मागणारे सहा क्लायंटच सर्व्हर जवळजवळ भरून टाकतात, त्यामुळे सर्वांवर मिळून सेकंदाला 10 टोकनांची सामाईक बादलीही लावली आहे.

पुढे दुसरा वर्कर सुरू करून बादल्या सर्व वर्करना सामाईक अशा रेडिसमध्ये हलवायचे ठरले होते, कारण प्रत्येक वर्करच्या स्मृतीत वेगळी बादली राहिली तर मर्यादा दुप्पट होते. परंतु वरचे आकडे लिहिताना लक्षात आले की मासिक गोषवाऱ्याला 400 मिलिसेकंद लागत असूनही त्याला एकच टोकन पडते. म्हणून आधी त्याची किंमत 5 टोकन करणार आहे, आणि किती वेळाने पुन्हा विचारावे हे क्लायंटला सांगणारा `Retry-After` तुटीवरून काढणार आहे: शिल्लक 1.2 असेल तर 3.8 भागिले 2, म्हणजे 1.9, वर पूर्णांक करून 2 सेकंद.