भाडेकरार वाढवताना मालकांना लिहिलेलं पत्र

आमच्या रेस्टॉरंटच्या वाटचालीत सगळ्यात जास्त घाम फुटला तो स्वयंपाकघरात नाही, भाडेकरार रिन्यू करताना. पहिल्या वेळी करार संपायला पंधरा दिवस उरलेले तेव्हा मालकांकडे गेलो, आणि त्यांनी सांगितला तो आकडा मान्य करून आलो, दुसरं करणार काय, गाळा सोडून पंधरा दिवसांत जाणार कुठे? यावेळी आठ महिने आधीच पत्र लिहिलं.

पहिला ड्राफ्ट रडका झाला होता. धंदा किती अवघड, महागाई किती वगैरे. बायको म्हणाली, हे वाचून काका चहा पाजतील, भाडं कमी नाही करणार. मग फाडला आणि हिशोबच मांडला:

"काका, तुम्ही ३० टक्के वाढ म्हणालात. आमच्या दर १०० रुपये विक्रीतले १० भाड्यात जातात आणि सगळं भागवून ८ उरतात. ३० टक्के वाढवले तर भाडं १३ होईल आणि आमच्याकडे ५ राहतील. एक महिना मंदा गेला की तेही गेले. म्हणून मी आत्ता १२ टक्के आणि पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ सुचवतोय, कराराची मुदत पाच वर्षं.

आता तुमच्या बाजूने बघू. आजचं भाडं महिना १०० धरा. माझ्या हिशोबाने तीन वर्षांत तुम्हाला साधारण ४,२३७ मिळतात. नवा भाडेकरू १३० देईल, पण गाळा चार महिने रिकामा राहिला आणि फर्निचर करायला त्याने दोन महिने बिनभाड्याचे मागितले तर तीस महिन्यांचे ३,९०० हातात येतील. अर्थात तो लगेच मिळाला तर ४,६८०, हेही खरंय. साडेतीन महिन्यांहून जास्त खंड पडला की माझा प्रस्ताव तुम्हाला फायद्याचा."

ही शेवटची दोन वाक्यं काढून टाकावीत असं माझ्या अकाउंटंटचं मत होतं, समोरच्याच्या हातात कशाला द्यायचं म्हणे. मी ठेवली. काकांना गुणाकार येतो, मग लपवून काय करायचं.

पत्राबरोबर वर्षाची विक्री, भाड्याच्या पावत्या आणि छताच्या लिकेजचे फोटो जोडले. शिवाय एक्झॉस्ट डक्ट आणि ग्रीस ट्रॅप आमच्या खर्चाने बसवलेत, तर करार संपल्यावर ते काढून न्यायचे की जागेवर सोडायचे हे करारात लिहून घेऊ असंही मांडलं, कारण मागच्या करारात याबद्दल एक शब्द नव्हता आणि डक्ट भिंत फोडून बाहेर नेलेला, काढला तर तिथे भगदाडच.

काकांचा फोन दहा दिवसांनी आला. १५ टक्क्यांवर मिटलं, पुढची दरवर्षी ५ टक्के वाढ मान्य, छताचं काम त्यांच्याकडे. म्हणजे पहिल्या वर्षी विक्री तेवढीच राहिली तर आमच्याकडे ८ ऐवजी साडेसहा उरणार, चालेल. डक्ट मात्र जागेवरच सोडायचा, यावर ते शेवटपर्यंत हलले नाहीत.