लॅडलमधून मेटल उडाल्यानंतरचे पहिले काही तास : माझा अनुभव

फौंड्रीत अपघात झाला की ती जागा सकाळपर्यंत टिकत नाही. भट्टीत मेटल असतं, ते ओतावंच लागतं. सांडलेलं मेटल ओढून बाजूला करतात, वर नवी वाळू पडते. पहिल्या शिफ्टची माणसं येईपर्यंत जमीन झाडून झालेली असते. यात कुणी काही लपवत नाही, कामाची रीतच तशी आहे. म्हणून सुरक्षा अधिकारी म्हणून माझं खरं काम तेवढ्या मधल्या वेळातच होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पावसाळ्यातल्या एका रात्री हे काम कसं झालं, ते लिहितो.

रात्रपाळीत इंडक्शन भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं मेटल न्यायच्या भांड्यात, मेटल घेताना ते उसळलं. हेल्परच्या नडगीवर आणि हातावर भाजलं. मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं, भट्टीचा पुरवठा बंद होता आणि उरलेली हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं मेटल, दुसऱ्या लॅडलने रिकामी करायची तयारी चालली होती. ती थांबवणं शक्य नव्हतं. मेटल भट्टीतच थिजलं तर दुसरंच संकट उभं राहतं. शिफ्ट इन्चार्जना एवढंच म्हटलं, "उसळलेलं लॅडल आणि त्याच्या भोवतीची जागा दोरी लावून सोडा. बाकी तुमचं चालू द्या." मग वही काढली.

वहीत सगळ्यात आधी वेळ लिहिली. भिंतीवरचं घड्याळ, भट्टीच्या पॅनेलवरचं घड्याळ आणि माझा मोबाईल असे तिन्ही आकडे एकाखाली एक. पॅनेल बारा मिनिटं पुढे होतं. ही नोंद राहून गेली असती तर पॅनेलवरची टॅपिंगची, म्हणजे भट्टीतून मेटल काढल्याची, वेळ आणि माणसांनी सांगितलेली वेळ नंतर कधीच जुळली नसती, आणि कुणीतरी खोटं बोलतंय असा संशय आला असता.

पानावर मी उभ्या दोन रेघा मारतो. पहिल्या रकान्यात मी स्वतः पाहिलं किंवा मोजलं ते, दुसऱ्यात कुणी सांगितलं ते, तिसऱ्यात मला वाटलं ते. त्या रात्री पहिल्या रकान्यात हे गेलं : लॅडलचा नंबर. तळाजवळ आतल्या अस्तराच्या ताज्या डागडुजीचा पॅच, त्याचा एक तुकडा उडालेला. डोक्यावरच्या पत्र्याला आतून चिकटलेले मेटलचे थेंब. लॅडलच्या जागेपासून पत्रा गळतो तिथलं पाण्याचं डबकं चार मीटरवर, टेपने मोजलेलं. लॅडलच्या स्टँडखालची जमीन कोरडी. बाहेर बारीक पाऊस, पत्र्यावर आवाज नाही. आणि लॅडल तापवायच्या बर्नरचं नोझल नुसतं कोमट. तासभर पेटलेल्या बर्नरचं नोझल इतक्या लवकर कोमट होत नाही.

फोटोही काढले. आधी लांबून, मग मधून, मग पट्टी ठेवून जवळून. पण नोझल कोमट आहे हे फोटोत येत नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज नव्हता हेही येत नाही. नाकाला, कानाला, हाताला कळतं ते लिहिलं तरच राहतं. म्हणून फोटो कितीही असोत, वही लागतेच.

मग माणसं. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तेही चहा यायच्या आत. चहाला सगळे एकत्र बसले की प्रत्येकाच्या आठवणीत शेजारच्याची आठवण मिसळते, आणि मिसळली आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही. प्रश्न सगळ्यांना एकच : "शिफ्ट सुरू झाल्यापासून काय काय झालं ते सांगा." बर्नर बंद होता का, असं मी विचारलं असतं तर बर्नर मीच त्यांच्या डोक्यात घातला असता. भट्टीवरचे मामा बोलता बोलता म्हणाले, "बर्नर मधी एकदा इजला हुता, परत पेटवला. कवा इजला ते कुणाच्या ध्यानात न्हाई." ते वाक्य त्यांच्याच शब्दांत दुसऱ्या रकान्यात लिहिलं आणि पुढे वेळ टाकली. भाजलेल्या मुलाला त्या रात्री काहीच विचारलं नाही. वेदनेत असलेल्या माणसाकडून जबाब घेऊ नये. त्याचं म्हणणं पुढे घेतलं आणि अहवालात त्यावर त्या दिवसाची तारीख घातली.

सकाळी घरी जायच्या आधी तिथेच बसून पहिला मसुदा लिहिला. त्यात कारण लिहिलंच नाही, फक्त वेळेच्या क्रमाने काय घडलं ते. वहीतल्या "नोझल कोमट" या दोन शब्दांमागे त्या क्षणी मला बरंच दिसत होतं : मी हात कुठे लावला, किती वेळ ठेवला, तेव्हा शेजारी कोण उभं होतं. झोप झाल्यावर त्यातलं निम्मं गेलं असतं आणि उरलेल्या भोकांत मनानेच काहीतरी भरलं असतं. मसुद्यावर सही, तारीख, वेळ घातली. चुकलेला शब्द खोडताना एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला आद्याक्षरं. नंतर आठवलेलं काहीही मूळ मजकुरात घातलं नाही. ते "पुरवणी नोंद" म्हणून वेगळ्या तारखेने खाली गेलं.

दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात एकच गोष्ट पसरली होती : पत्रा गळला, पाणी लॅडलमध्ये पडलं, मेटल उडालं. पावसाळा, जुना पत्रा, त्यामुळे कुणालाही पटेल अशीच ती गोष्ट होती. पुढे मामांना परत विचारलं तर तेही म्हणाले, "पाणीच पडलं असंल की ओ साहेब. बर्नरचं मी काय बोललो हुतो व्हय?" मामा खोटं बोलत नव्हते. चार लोकांच्या बोलण्यात त्यांची स्वतःची आठवण बुडून गेली होती. त्यांनी त्या रात्री वापरलेले शब्द वहीत होते, म्हणून ती आठवण टिकली.

नोंदी एकापुढे एक ठेवल्यावर पत्र्याची गोष्ट टिकेना. तापलेल्या मेटलच्या वर पडलेलं थोडं पाणी बहुतेक वरच्या वरच वाफ होऊन जातं. पाणी मेटलच्या खाली अडकलं तर त्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होतं, आणि वरचं १४०० अंशांच्या पुढचं मेटल ती वाफ उचलून फेकते. पत्र्याला आतून चिकटलेले थेंब, उडालेला पॅच आणि कोमट नोझल हे तिन्ही तिकडेच बोट दाखवत होते. दुपारी लावलेला पॅच ओला होता, बर्नर विझल्यामुळे तो पुरता वाळला नाही, आणि लॅडल तशीच भट्टीखाली गेली. बर्नर नेमका किती वेळ विझलेला होता हे मात्र कुठल्याच नोंदीत नव्हतं. अहवालात तेही तसंच लिहिलं, अंदाजाचा आकडा घातला नाही.

चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी टाइप केलेला अहवाल बाजूला ठेवून आधी वही मागितली. त्यांनी कोमट नोझलपाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही कधी लिहिलं?" शेजारीच वेळ होती, आणि घड्याळांतला फरक पहिल्याच पानावर होता. पुढचे प्रश्न मग पत्र्याचे राहिले नाहीत, लॅडल वाळवायच्या पद्धतीचे झाले.

पत्रा दुरुस्त झाला, तो व्हायलाच हवा होता. पण फक्त तेवढंच झालं असतं तर पुढची ओली लॅडल उन्हाळ्यातही उसळली असती. आता प्रत्येक लॅडलच्या स्टँडवर पाटी आहे : पॅच कधी लावला, बर्नर कधी पेटवला, मधे विझला का, तळ लालसर दिसला का. टॅपिंगच्या आधी भट्टीवाल्याची सही लागते आणि ती नसेल तर लॅडल भट्टीखाली जात नाही. पाटीवरची वेळ मोबाईलवरून लिहायची, पॅनेलवरून नाही, हे मामांनीच सुचवलं.