बाजारवारी ज्याला जमत नाही, त्याची सुट्टी बाजारवारीच

‘सात संघ, एकच मैदान, त्यात कुणाला गुरुवार चालत नाही तर कुणाला रविवार. कबड्डीचे साखळी सामने बसवता कसे?’

सात संघ आले की मला बरं वाटतं. विषम संघांत रोज एकाला विश्रांती द्यावीच लागते, आणि अडचणीचा दिवस तिथेच मुरवता येतो. एकूण सामने 21. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधली पाच मिनिटं आणि मैदानावरची गडबड मिळून सामन्याला तास धरला, तर एका संध्याकाळी तीन सामने होतात. म्हणजे सोमवार ते रविवार पुरतात.

एक ते सात आकडे गोल मांडा. चारला विश्रांती द्यायची तर त्याच्या दोन बाजूंचे शेजारी एकमेकांशी खेळतात, म्हणजे 3-5. मग त्यापलीकडचे 2-6, आणि शेवटी 1-7. प्रत्येक आकड्याला एकेकदा असं बसवलं की सात फेऱ्या तयार होतात आणि एकही जोडी दोनदा येत नाही.

चिठ्ठ्या मात्र सगळ्यांसमोरच काढाव्यात. आकडे ठरल्यावर ते कुणासाठीही बदलू नयेत. आपल्या हातात राहतो तो फक्त फेऱ्यांचा क्रम, आणि तेवढा पुरतो. चार नंबरच्या पोरांची भाजीची दुकानं गुरुवारच्या बाजारात असतात, तर चारच्या विश्रांतीची फेरी गुरुवारी. दोघांचे दिवस वेगळे असतील, तर दोघांचंही काम होतं.

खरी अडचण दोन संघांना एकच दिवस नको असतो तेव्हा येते. समजा, सहा नंबरलाही गुरुवार जमत नाही. मग त्या दिवसाचा 2-6 हा सामना उचलावा लागतो. तो मी दोनच्या विश्रांतीच्या दिवशी टाकतो. त्या दिवशी 1-3, 4-7 आणि 5-6 असतात, चौथा 2-6. सहाला एका संध्याकाळी दोनदा उतरावं लागतं, पण सवलत त्यांनीच मागितली होती. दोन नंबरला त्याच्या बदल्यात गुरुवार मोकळा मिळतो. 5-6 सगळ्यात आधी आणि 2-6 शेवटी लावा, म्हणजे मधले दोन सामने सहाच्या पोरांना दम खायला मिळतील. मात्र दोनने ती विश्रांती स्वतःच्या अडचणीसाठी घेतलेली नाही ना, हे आधी विचारून घ्या. तसं असेल तर सामना सहाच्या विश्रांतीच्या दिवशी न्यावा लागतो, आणि दोनदा खेळण्याचा भार दोनवर पडतो. त्याला त्यांची कबुली हवी.

सहाच संघ आले तरी गोल सातचाच मांडा आणि एक जागा रिकामी ठेवा. रिकाम्या जागेशी ज्याची जोडी लागेल, त्याला त्या दिवशी आणखी एक सुट्टी. संध्याकाळ तेवढ्याच लागतात, पण प्रत्येक संघाला दोन दिवस मोकळे मिळतात. तिसरा संघही गुरुवार नको म्हणाला, तर मी त्या दिवशी मैदान बंद ठेवतो आणि स्पर्धा आठ दिवसांची करतो.