उजवा डोळा, तिसरा झटका: आमच्या घोडीची नोंद

चौदा महिन्यांत आमच्या मारवाडी घोडीच्या उजव्या डोळ्याला तिसऱ्यांदा सुजेचा झटका आला आहे. डोळ्याच्या आतील पडद्यांना पुन्हा पुन्हा सूज येण्याचा हा विकार आहे. दोन झटक्यांच्या मधल्या काळात डोळा वरवर बरा दिसत असला, तरी प्रत्येक झटका आत काही ना काही कायमचे नुकसान करून जातो.

या वेळी सुरुवात मोतद्दाराने पकडली. "मालक, उजवी पापणी खाली उतरलीय," असे तो सकाळी म्हणाला. घोडीच्या समोर उभे राहून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांचे केस ताडून पाहावेत. निरोगी डोळ्याचे केस जवळपास आडवे राहतात, दुखऱ्या डोळ्याचे जमिनीकडे झुकतात. दुपारपर्यंत पाणी गळू लागले, ती डोळा अर्धवट मिटून अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहू लागली आणि बुबुळावर निळसर धुके उतरले. गावात याला फूल पडले म्हणतात, पण इथे मुख्य बिघाड आतला असतो.

डॉक्टरांनी कोणतेही औषध घालण्यापूर्वी फ्लुरोसिन या रंगाची पट्टी लावून पाहिली. बाह्य पटलावर जखम असेल तर तिथे हिरवा रंग धरतो, आणि अशा डोळ्यात स्टेरॉइड गेले तर जखम खोल जाऊन डोळा फुटण्याची वेळ येऊ शकते. गेल्या वर्षी मी उरलेले स्टेरॉइडचे मलम तपासणीविनाच घातले होते. ती माझी गंभीर चूक होती. या वेळी रंग धरला नाही, म्हणून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब, वेदना व सूज कमी करणारे फ्लुनिक्सिन शिरेतून आणि एक टक्का ॲट्रोपिन सुरू झाले. घोडीचे वजन सुमारे ३८० किलो, त्यामुळे किलोमागे १.१ मिलिग्रॅम या हिशेबाने फ्लुनिक्सिनची मात्रा ४१८ मिलिग्रॅम आली.

ॲट्रोपिनचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुजेमुळे बाहुली आकसते आणि तिची कड मागच्या भिंगाला चिकटू शकते. ॲट्रोपिन ती उघडी ठेवते व स्नायूंचा वेदनादायक आकसही सैल करते. मात्र ते आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून मोतद्दार दर पाळीला लिदीचे ढीग मोजतो आणि मी कुशीला कान लावून पोटाचे आवाज ऐकतो. तिसऱ्या दिवशी लीद कमी झाल्यावर डॉक्टरांना विचारून मात्रांमधले अंतर वाढवले.

आज बारावा दिवस. धुके ओसरले आहे, पापणी सरळ झाली आहे. पण बाहुली खालच्या बाजूला उघडत नाही, तिथे कड चिकटलेली आहे, आणि भिंगावर तपकिरी ठिपके राहिले आहेत. डावा डोळा झाकून चालवले, तेव्हा जमिनीवर आडवा ठेवलेला बांबू तिने ओलांडला, पण उजवीकडून जवळ आणलेल्या हाताला ती उशिरा बिचकली. थेंब डोळा शांत झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवून हळूहळू कमी करायचे आहेत. जाळीचा मुखवटा दिवसभर राहील, आणि तिच्या उजव्या बाजूने जाताना आम्ही आधी आवाज देतो.