एकाच बाजूचं नाक

बाई शिक्षिका होत्या, वय बेचाळीस. दीड महिना उजवं नाक चोंदलेलं आणि उजव्या गालाच्या हाडाखाली सतत दडपण. खाली वाकून वह्या उचलल्या की ते वाढायचं. हातात दोन फायली होत्या. एकीत ‘ॲलर्जी’ लिहून गोळ्या दिलेल्या, दुसरीत ‘नाकाचं हाड वाकडं, ऑपरेशन करावं’ असा सल्ला. मधल्या काळात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. गोळ्या चालू असताना बरं वाटायचं आणि संपल्या की आठवड्याभरात सगळं परत यायचं.

त्यांनी एक गोष्ट संकोचून सांगितली. “डॉक्टर, मला नाकात घाण वास येतो. घरात कुणालाच येत नाही, मलाच येतो.”

तिथेच माझे कान टवकारले. ॲलर्जीचं नाक सहसा दोन्हीकडून त्रास देतं. सटासट शिंका, नाकाडोळ्यांना खाज, पाण्यासारखं वाहणं, धूळ किंवा ऋतूनुसार कमीजास्त होणं, असं त्याचं रूप असतं. बाईंना शिंका नव्हत्या, खाज नव्हती. उलट घशात मागून घट्ट, पिवळसर स्राव उतरत होता.

मग वाकडं हाड. नाकाचा मधला पडदा थोडाफार वाकडा असणारी माणसं भरपूर असतात आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. हा वाकडेपणा लहानपणापासूनचा किंवा जुन्या माराचा असतो. बाईंना मार लागलेला नव्हता. मग चाळीस वर्षं नीट चाललेलं नाक दीड महिन्यापूर्वी अचानक का बंद पडावं? शिवाय त्यांचा पडदा डावीकडे वाकलेला होता आणि त्रास उजवीकडे. अशा वेळी मोकळ्या बाजूचं मांस, म्हणजे टर्बिनेट, फुगून तीच बाजू बंद करू शकतं, म्हणून तेही तपासायला हवं होतं. नाक आकसवणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस काही मिनिटं ठेवला. टर्बिनेट आकसलं, श्वास सुटला, पण गालातलं दडपण तसूभरही हललं नाही.

मग दुर्बिणीतून पाहिलं. मधल्या टर्बिनेटच्या खाली, गालातल्या सायनसचा निचरा जिथे उतरतो नेमक्या त्या फटीतून पू ओघळत होता. फक्त उजवीकडे. डावी बाजू स्वच्छ.

सायनसचा संसर्ग होता हे ठरलं, पण तो एकाच बाजूला आणि पुन्हा पुन्हा का होतो, हा खरा प्रश्न होता. एका बाजूच्या त्रासात बुरशीचा गोळा आणि गाठ यांचाही विचार करावा लागतो. रक्तमिश्रित स्राव येतो का, गाल बधिर होतो का, दात हलतो का, हे विचारलं. रक्तातली साखर तपासली. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण पाहिलेला महाराष्ट्रातला कुठलाही कान-नाक-घसा डॉक्टर ती तपासणी सोडणार नाही. सगळं ठीक होतं.

शेवटी विचारलं, “वरच्या दाढांचं काही काम झालंय का?”

“दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलं होतं. पण ती दाढ अजिबात दुखत नाही.”

दुखायलाच हवी असं नाही. रूट कॅनालमध्ये आतली नसच काढलेली असते. मात्र मुळाच्या टोकाशी संसर्ग राहू शकतो. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. काहींमध्ये मधे हाडाचा फारच पातळ थर असतो, काहींमध्ये नुसता पडदा. तिथून जंतू वर चढतात आणि अशा संसर्गाला बहुधा घाण वास असतो.

सीटी स्कॅन काढला. उजवा सायनस जवळजवळ पूर्ण भरलेला. अहवालात तेवढंच होतं. सायनसच्या स्कॅनमध्ये दातांकडे नजर जायची राहून जाते, म्हणून मी स्वतः चित्रं खालपर्यंत सरकवत पाहिली. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मुळाभोवती हाड विरघळल्याचा काळा गोल होता, थेट सायनसच्या तळाला टेकलेला.

बाईंना मी दंतवैद्यांकडे पाठवलं. त्या दाढेच्या पुढच्या मुळात बहुतेकदा एक बारीक दुसरी नळी असते आणि ती पहिल्या रूट कॅनालमध्ये बऱ्याचदा सापडत नाही. इथेही तसंच झालं होतं. दाढ उघडून ती नळी साफ करून बंद केली. माझ्याकडून अँटिबायोटिकचा एक कोर्स, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे.

आधी वास गेला, मग दडपण. तीन महिन्यांनी दुर्बिणीत ती फट कोरडी दिसली. सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. काहींची दाढ काढावी लागते, काहींच्या सायनसचं तोंड दुर्बिणीने मोकळं करावं लागतं. बाईंना यातलं काही लागलं नाही आणि वाकड्या पडद्यालाही कुणी हात लावला नाही.