४२९ सुटला, पण ३१ टास्क गायब

आमच्या टीमला नेमून दिलेली सगळी उघडी टास्क प्लॅटफॉर्मवरून खेचून एका फाइलीत हवी होती. स्क्रीनवरचा आकडा होता २,३४०. एका पानावर १०० टास्क म्हणजे २४ पानं. टोकन घेणं, लॉगिन यात काहीच अडलं नाही.

मर्यादा मिनिटाला ६० रिक्वेस्टची. ती ओलांडली की ४२९ येतो आणि `Retry-After` हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबून तेच पान पुन्हा मागायचं:

```python
if r.status_code == 429:
    time.sleep(int(r.headers.get("Retry-After", 60)) + 1)
    continue   # page वाढवू नका
```

काही ठिकाणी या हेडरमध्ये सेकंदांऐवजी तारीख-वेळ येते, तेव्हा `int()` तिथेच कोसळतो. आधी एकदा छापून बघा.

स्क्रिप्ट एकही एरर न देता संपली. फाइलीत २,२९७ ओळी. मधल्या वेळात काही टास्क बंद झाली असणार, असं म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी शेजारची म्हणाली, "अगं, माझं बिलांचं टास्क तुझ्या यादीत नाहीये." ते तर उघडंच होतं! मग सगळे आयडी ताडून पाहिले. उघडी असूनही ३१ टास्क आलीच नव्हती, आणि ती विखुरलेली नव्हती. जिथे एक पान संपून दुसरं सुरू होतं, नेमकी तिथली दोन-दोन, तीन-तीन सलग गळाली होती.

याच्यामागे माझे दोन दिवस गेले आणि अजून चीड जात नाही, कारण एररच नव्हता. मी पान आणल्या आणल्या त्यातल्या प्रत्येक टास्कचा तपशील वेगळ्या रिक्वेस्टने मागत होते. म्हणजे पानामागे १०१ रिक्वेस्ट, पावणेदोन मिनिटं. तेवढ्यात कुणी पहिल्या पानावरची तीन टास्क बंद केली, की ती उघड्यांच्या यादीतून जातात आणि मागची सगळी तीन घरं पुढे सरकतात. १०१ ते १०३ क्रमांकाची टास्क पहिल्या पानावर जाऊन बसतात. मी दुसरं पान मागते, ते सुरू होतं जुन्या १०४ पासून. मी जितकी शिस्तीत थांबत होते, तितकी यादी जास्त सरकत होती.

आता आधी फक्त आयडी गोळा करते. २४ रिक्वेस्ट, अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. तपशील त्यानंतर, सावकाश. शिवाय `status=open` काढून सगळीच टास्क तयार झाल्याच्या क्रमाने, जुनी आधी अशी मागवते आणि बंद झालेली नंतर गाळते. त्यामुळे पानं वाढली, पण टास्क बंद झालं तरी जागा सोडत नाही आणि नवीन आलं तर शेवटी लागतं. एखादं टास्क कायमचं डिलीट झालं किंवा दुसऱ्या टीमकडे गेलं तर मात्र यादी अजूनही सरकते. प्लॅटफॉर्म पान क्रमांकाऐवजी `cursor` देत असेल तर तोच घ्या. आमचा देत नाही.

हो, नवीन टास्क आधी असा क्रम ठेवलात तर उलट घडतं, तेच टास्क दोनदा येतं. ते निदान आयडीवरून लगेच पकडता येतं.