मधे कपाट आलं की झाडू रोबोने काय करायचं? माझा अनुभव

फरशी साफ करणारा रोबो स्वतः बनवायला घेतला तेव्हा वाटलं होतं की मोटर, बॅटरी, सेन्सर हेच जड जाणार. पण ते सगळं महिनाभरात जमलं आणि त्यानंतरचे सहा आठवडे गेले ते एकाच प्रश्नात, रोबो खोलीभर जा-ये करत झाडतोय आणि मधे बैठं कपाट आलं तर त्याने वळसा घालायचा कसा.

आधी रिकाम्या खोलीचं सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. खोली ४ मीटर बाय ३ मीटर. रोबो गोल, व्यास ३४ सेंमी, पण पोटाखालचा मुख्य ब्रश फक्त १८ सेंमी रुंद. म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर ब्रशवरून ठरवायचं, रोबोच्या आकारावरून नाही. मी ते १५ धरलं, ३ सेंमी एकमेकांवर चढायला. रोबोचा मध्यबिंदू भिंतीपासून १७ सेंमी लांबच राहतो, त्यामुळे त्याला हिंडायला प्रत्यक्षात ३.६६ बाय २.६६ मीटर एवढीच जागा मिळते. लांब बाजूने पट्टे मारले तर १९ पट्टे आणि १८ वळणं, आखूड बाजूने मारले तर २६ पट्टे आणि २५ वळणं. गंमत म्हणजे एकूण अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच येतं, ७२-७३ मीटर. फरक पडतो तो वळणांचा, कारण प्रत्येक वळणाला थांबा, ९० अंश फिरा, थोडं सरका, परत ९० अंश फिरा, यात माझ्या रोबोचे चार सेकंद जायचे. म्हणून पट्टे कायम लांब बाजूने.

मग खोलीच्या बरोब्बर मधे १.२ बाय ०.६ मीटरचं कपाट ठेवलं, लांब बाजू पट्ट्यांच्याच दिशेने. मी लिहिलेला पहिला नियम अगदी सरळ होता: पट्ट्यात अडथळा आला की कडेकडेने पलीकडे जा, तोच पट्टा पुन्हा पकड आणि पुढे चल. वाचायला बरोबर वाटतं ना? रोबो धडकला नाही, अडकला नाही, सगळी खोली फिरला. पण मी फरशीवर टाल्कम पावडर अगदी पातळ भुरभुरवून ठेवली होती, आणि रोबो थांबल्यावर खाली बसून बघितलं तर मागच्या अर्ध्या खोलीत पांढऱ्या पाचरी राहिल्या होत्या. पट्टा सुरू होतो तिथे स्वच्छ, साधारण पावणेदोन मीटरनंतर एक बारीक पांढरी रेघ सुरू होते आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत ती रुंद होत होत तीन-साडेतीन सेंमीची होते.

या पाचरीचा आकारच सगळं सांगतो. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असती तर पट्ट्यांमधलं अंतर चुकलंय असं समजायचं. पाचर असेल तर रोबोचं तोंड वाकडं झालंय. १ अंशाची चूक ३.६६ मीटरवर ६.४ सेंमी होते आणि माझे पट्टे एकमेकांवर चढत होते फक्त ३ सेंमी, ते पावणेदोन मीटरवरच संपतात, बरोबर जिथून रेघ सुरू होत होती तिथेच.

आता ही चूक आली कुठून तर वळशांमधून. रोबोच्या हिशोबात कपाट चारही बाजूंनी १७ सेंमी फुगतं, म्हणजे १.५४ बाय ०.९४, आणि १९ पैकी मधले ७ पट्टे त्याला आपटतात. प्रत्येकी ९० अंशांची चार जास्तीची वळणं, म्हणजे २८ वळणं, आणि मी तेव्हा दिशा फक्त चाकांच्या एन्कोडरवरून, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरवरून, मोजत होते. जागच्या जागी फिरताना चाक जरासं घसरतं आणि एन्कोडरला ते कळतच नाही. शिवाय अंतराचा हिशोब केला तर सात वळशांमधे १४ मीटर चाल निव्वळ कपाटाभोवतीच जात होती, त्यातली बरीचशी आधीच झाडलेल्या फरशीवरून.

जायरो, म्हणजे रोबो स्वतः किती वळला ते मोजणारा सेन्सर, लावल्यावर पाचरी खूप कमी झाल्या, पण १४ मीटर तसेच राहिले. तिथे माझं डोकं उघडलं ते १९९७ साली हॉवी चोसेट आणि फिलिप पिन्यों या संशोधकांनी मांडलेल्या बूस्ट्रोफेडॉन सेल्युलर डिकंपोझिशन नावाच्या पद्धतीमुळे. बूस्ट्रोफेडॉन हा शब्द ग्रीक आहे, अर्थ बैल वळतो तसं. नांगरताना बैल एक ओळ संपली की वळून शेजारची ओळ धरतो ना, तेच. त्यात म्हटलंय की अडथळ्यामागचा पट्टा लगेच पकडायचा अट्टाहास सोडा. पट्ट्यांना समांतर एक रेघ खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्या. रेघ कपाटाला टेकली की तिचे दोन तुकडे होतात, तिथे आधीचा सेल, म्हणजे रेघ तोवर जिथून सरकली तो खोलीचा तुकडा, बंद करा आणि डावा-उजवा असे दोन नवे उघडा. कपाट संपून तुकडे परत जुळले की ते दोन्ही बंद करून एक नवा उघडा. एका कपाटाचे चार सेल झाले: पुढचा, डावा, उजवा, मागचा. प्रत्येकाच्या आत अडथळा नाहीच, त्यामुळे तिथे साधी जा-ये पुरते.

माझ्या खोलीत पुढचे ६ पट्टे डाव्या भिंतीशी संपले, मग डाव्या सेलचे ७ आखूड पट्टे, शेवटचा कपाटाच्या मागच्या कोपऱ्याशी. तिथून कपाटामागून उजवीकडे, उजवा सेल मागून पुढे, आणि मग भिंतीकडेने मीटरभर मागे येऊन शेवटचे ६ पट्टे. झाडण्यापलीकडची चाल जेमतेम तीन मीटर! मी ती तीनदा मोजली.

खुर्च्यांनी मात्र हैराण केलं. एका सुट्या अडथळ्यामागे तीन सेल वाढतात, म्हणजे एक टेबल आणि चार खुर्च्यांचे २० पाय धरले तर ६१ सेल, आणि त्यातले बरेच इतके चिंचोळे की रोबो झाडण्यापेक्षा इकडून तिकडे जाण्यातच वेळ घालवतो. माझ्या खुर्चीच्या दोन पायांमधे ३८ सेंमी मोकळे, रोबो ३४ चा, म्हणजे मध्यबिंदूला हलायला ४ सेंमी. तिथे आत शिरण्यात अर्थ नाही. मग नियम केला की फुगवल्यानंतर उरलेली फट एका पट्ट्यापेक्षा, म्हणजे १५ सेंमीपेक्षा, कमी असेल तर ती बुजवून टाकायची आणि सगळी खुर्ची एकच अडथळा धरायची. खुर्चीखालची फरशी राहते हे खरं आहे, ती मी खुर्च्या उचलून ठेवल्या त्या दिवशी होते.

एक गोष्ट मला पावडरीनेच दाखवली. सगळे सेल पूर्ण झाले तरी कपाटाच्या दोन टोकांशी पांढरी किनार उरायची. ब्रश रोबोच्या मध्यावर आहे आणि रोबोची पुढची कड कपाटाला टेकते तेव्हा ब्रश अजून १७ सेंमी मागे असतो, मग तेवढी पट्टी त्याला मिळणार कशी? म्हणून आता पट्टे सुरू करायच्या आधी एक फेरी भिंतीलगत आणि एक प्रत्येक अडथळ्याभोवती, बाजूचा फिरता ब्रश कडेला लावून. ही फेरी आधीच ठेवायची, कारण बाजूचा ब्रश कचरा आत ढकलतो तसा थोडा बाहेरही उडवतो, आणि तो उडालेला मग पट्ट्यांमधे उचलला जातो. मी आधी उलटं केलं होतं तेव्हा झाडलेल्या फरशीवर कपाटापासून हातभर अंतरापर्यंत पावडरीचे ठिपके पडलेले दिसले होते.